परसबागेतलं शिसं: चौथी फेरी, आणि चुकीची सरळ रेषा

मागच्या नोंदीत परसबागेच्या मातीत किलोमागे १६४ मिलिग्रॅम शिसं सापडल्याचं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. तो आकडा खोडा. स्टँडर्ड ॲडिशनची रेषा इतकी सरळ आली होती की त्या सरळपणालाच मी भुललो. चूक कुठे झाली ते जरा सविस्तर लिहितो, कारण ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनवर माती मोजणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही ती सहज होऊ शकते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात मागचं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. शेजारच्या काकूंच्या वाडीला लागून पूर्वी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं टपरीवजा दुकान होतं. ते उठून बरीच वर्षं झाली, पण जुन्या प्लेटा तिथंच फोडल्या जायच्या. त्या जागेत आता सांभार, पालक, मेथी होते. तुलनेसाठी दुसरा नमुना आमच्या वावरातला घेतला, धुऱ्यापासून बराच आत, जिथं बॅटरीचा काही संबंध नाही. दोन्हीकडची माती काळी आणि खाली चुनखडीचे खडे असलेली. हे चुनखडीचं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिच्यापासूनच सुरू होतो.

डायजेस्ट करायची पद्धत बदललेली नाही. माती वाळवायची, चाळायची, खलायची आणि १ ग्रॅम घ्यायची. तीवर निम्मं पाणी घातलेलं नायट्रिक आम्ल १० मिलि घालून वॉच ग्लास ठेवायची आणि ९५ अंशांच्या आसपास तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग तीव्र नायट्रिक, थंड झाल्यावर थेंबाथेंबानं हायड्रोजन पेरॉक्साइड, शेवटी हायड्रोक्लोरिक. गाळून ५० मिलि. हे सगळं तालुक्याच्या कॉलेजात, फ्यूम हूडखालीच. आमची माती आम्ल पडताच सोड्यासारखी फसफसते. पहिल्या फेरीत एक बीकर असाच उतू गेला, तेव्हापासून पहिले २-३ मिलि आम्ल मी अगदी थेंबानं सोडतो. सल्फ्युरिक चुकूनही नको, शिशाचं सल्फेट तळाशी बसतं आणि गाळण कागदावरच राहतं.

आता मोजणी. शिशासाठी २१७.० नॅनोमीटरची रेषा घेतली, कारण २८३.३ पेक्षा ती दुपटीच्या आसपास संवेदनशील आहे. हवा-ॲसिटिलीनची ज्वाळा. साध्या स्टँडर्डवर लिटरमागे १ मिलिग्रॅम शिशाला ०.०२४ ॲबसॉर्बन्स मिळत होता. वावराच्या डायजेस्टनं ०.०२२ दाखवला. सरळ भागाकार केला, ब्लँक वजा केला, तर किलोमागे ४१ मिलिग्रॅम. धुऱ्याआड कुणी कधी बॅटरी फोडलेली नाही, मग एवढं शिसं तिथं कुठून? शंका यायला हवी होती ती इथंच. मी मात्र 'मॅट्रिक्स' म्हणून सोडून दिलं आणि त्यावरचा उपाय म्हणून स्टँडर्ड ॲडिशन केलं.

परसबागेच्या डायजेस्टचे १० मिलिचे चार भाग केले. त्यांत लिटरमागे १०० मिलिग्रॅमचं शिशाचं द्रावण ०, ०.१, ०.२ आणि ०.३ मिलि घातलं. सगळ्यांचं आकारमान सारखं राहावं म्हणून उरलेली कसर सौम्य आम्लानं भरली. म्हणजे लिटरमागे ०, १, २ आणि ३ मिलिग्रॅमची भर. वाचनं आली ०.०७१, ०.०९२, ०.११३, ०.१३४. एकही बिंदू रेषेबाहेर नाही. उतार मात्र ०.०२४ ऐवजी ०.०२१ निघाला, म्हणजे डायजेस्टमध्ये शिशाचा आवाज साडेबारा टक्क्यांनी दबत होता. ०.०७१ भागिले ०.०२१ म्हणजे लिटरमागे ३.३८ मिलिग्रॅम. त्यातून ब्लँकचे ०.१० गेले, ५० नं गुणलं आणि १६४ मिळाले.

आता यातली खोट बघा. ०.०७१ मधला काही भाग शिशाचा नव्हताच. चुनखडीतलं कॅल्शियम आणि काळ्या मातीतलं लोह ज्वाळेत जातात, तेव्हा त्यांचे रेणू आणि न विरलेले बारीक कण प्रकाश शोषतात किंवा विखुरतात. हा अडथळा एका रेषेपुरता नसतो, रुंद पट्ट्यासारखा असतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका तो बहुधा जास्त. शिशाच्या दिव्याला तो शिशासारखाच दिसतो. मी बाहेरून शिसं घातलं तेव्हा चारही भागांत हा अडथळा तेवढाच राहिला. त्यामुळे रेषा वाकली नाही, अख्खी वर उचलली गेली. स्टँडर्ड ॲडिशनला उतारातला फरक कळतो, सगळ्या वाचनांना सारखाच लागलेला टेकू कळत नाही. उलट त्या टेकूलाही मी ०.०२१ नं भागलं आणि चूक आणखी फुगवली. साध्या भागाकारानं १४३ आले असते. 'सुधारणा' करून मी १६४ वर पोचलो.

खात्री करायला कॅल्शियम कार्बोनेट नायट्रिकमध्ये विरघळवून डायजेस्टमध्ये असावं साधारण तितकं, लिटरमागे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियमचं द्रावण केलं. त्यात शिसं जवळजवळ नाहीच, तरी यंत्रानं ०.००६ दाखवला. ड्यूटेरियमचा दिवा लावल्यावर तेच द्रावण शून्यावर आलं. हे यंत्र मी तीन फेऱ्या वापरलं आणि तो दिवा पहिल्या दिवसापासून बंद होता, हे लिहिताना जरा लाजच वाटते. ड्यूटेरियमचा प्रकाश सलग पट्ट्याचा असतो, त्यात शिशाच्या अरुंद रेषेचा वाटा नगण्य. त्यामुळे तो जे शोषण मोजतो ते मुख्यतः पार्श्वभूमीचं, आणि यंत्र ते एकूण शोषणातून वजा करतं.

दिवा लावून तेच चार भाग पुन्हा मोजले: ०.०५५, ०.०७६, ०.०९७, ०.११८. उतार तोच ०.०२१, फक्त रेषा खाली आली. ०.०५५ भागिले ०.०२१ म्हणजे २.६२. ब्लँक वजा जाऊन २.५२, म्हणजे किलोमागे १२६ मिलिग्रॅम. दिवा लावला पण स्टँडर्ड ॲडिशन केलं नाही, तर ११० येतात. दोन्ही दुरुस्त्या लागतात, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. वावराचं डायजेस्ट ०.०२२ वरून ०.००७ वर उतरलं. त्यातही एक भर घालून उतार तपासला, तोही ०.०२१ च. हिशेब १२ मिलिग्रॅमवर थांबला. ४१ आणि १२ मध्ये केवढं अंतर! त्या वाचनातला दोन तृतीयांश भाग चुनखडीचा आणि लोहाचा होता.

ड्यूटेरियमवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पार्श्वभूमी रुंद नसून बारीक रेषांची असेल तर तो फसतो. म्हणून परसबागेचं डायजेस्ट २८३.३ वरही मोजलं. तिथं उत्तर २.६ च्या आसपास आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

उतार दबण्याचं एक कारण मोजपात्रानं सापडतं. नेब्युलायझरची नळी १० मिलिच्या मोजपात्रात सोडून घड्याळ लावलं. साधं सौम्य आम्ल मिनिटाला ५.० मिलि ओढलं जात होतं, डायजेस्ट ४.६. म्हणजे आठ टक्के कमी द्रव ज्वाळेत पोचतो. द्रव आम्लानं आणि क्षारांनी जड झाला की असं होतं. यासाठी काही महागडं लागत नाही, आणि पुढच्या वेळी स्टँडर्ड तितक्याच आम्लात केली तर यातला बराच भाग आधीच मिटेल.

एक मर्यादा इथंच सांगतो. तापवताना उडून गेलेल्या किंवा गाळणीत अडकलेल्या शिशाचा पत्ता स्टँडर्ड ॲडिशनला लागत नाही, कारण भर डायजेस्टमध्ये घातलेली असते. म्हणून वावराच्या एका नमुन्यात तापवण्याआधीच ५० मायक्रोग्रॅम शिसं घातलं. त्यातलं ४७ परत मिळालं.

आता ब्लँक, ज्याच्यावरून गेल्या महिन्यात आपल्यात वाद झाला होता. एका मित्राचं म्हणणं असं की ब्लँक वजा केल्यावर पार्श्वभूमी आपोआप जाते. जात नाही. ब्लँकमध्ये आम्लं आहेत, बीकर आहे, गाळण कागद आहे, पण माती नाही. त्यामुळे कॅल्शियम नाही, लोह नाही, आणि त्यांची सावलीही नाही. ब्लँक फक्त आपण बाहेरून आणलेलं शिसं दाखवतो.

पहिल्या फेरीत तीन ब्लँक आले होते ०.०९, ०.११ आणि ०.४२. सरासरी काढून मोकळा होणार होतो. पण ०.४२ चा बीकर कुठला म्हणून पाहिलं, तर दुकानाच्या उंबऱ्याजवळची माती आधी त्यातच शिजवली होती आणि नंतर फक्त पावडर-पाण्यानं धुतला होता. ती सरासरी वापरली असती तर वावराचे १२ चे ६ झाले असते. परसबागेच्या १२६ ला मात्र जेमतेम ओरखडा पडला असता. आता सगळी काच रात्रभर दहा टक्के नायट्रिकमध्ये बुडवतो. नंतरचे पाच ब्लँक ०.०८ ते ०.१२ मध्ये आले, सरासरी ०.१०. त्यांच्या विखुरण्याची तिप्पट म्हणजे सुमारे ०.०५, मातीच्या भाषेत किलोमागे अडीच मिलिग्रॅमच्या आत. त्याखालचं काही मी आकड्यात लिहिणार नाही.

आणखी एक सापळा. यंत्राचं शून्य मी आता साध्या सौम्य आम्लावर लावतो, डायजेस्ट केलेल्या ब्लँकवर नाही. एकदा ब्लँकवर शून्य लावून वर वहीतही ब्लँक वजा केला होता. तेवढ्यानंही वावराचा आकडा निम्म्यावर येतो.

काकूंनी विचारलंच, "मंग गुरुजी, सांभार खावा का नाही?" मातीचा आकडा पानाचा नसतो, असं त्यांना सांगितलं, आणि तोवर त्या वाफ्यातलं न खाल्लेलं बरं असंही. पान मोजायला बसलो तर अडचण अशी. कोडेक्सची पालेभाज्यांसाठीची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. १० ग्रॅम ताज्या पाल्यात, अगदी मर्यादेवर, ३ मायक्रोग्रॅम शिसं असेल. माझ्या ब्लँकमध्ये लिटरमागे ०.१० म्हणजे ५० मिलित ५ मायक्रोग्रॅम आहे. पानातल्यापेक्षा जास्त शिसं मी स्वतःच बाटलीतून ओततोय. आधी चांगल्या दर्जाचं आम्ल मागवलं आहे. ते आलं की नुसते ब्लँक चालवणार, पाला नंतर तोडू.