पन्नास हजारांत एक

घरफोडीच्या त्या खटल्यात मी आरोपीचा वकील होतो. खिडकीच्या गजावर रक्ताचा डाग सापडला होता. पावसानं डीएनए खराब झालेला, त्यामुळे मोजक्याच जागांचे निकाल आले. पण आले तेवढे आरोपीशी जुळत होते. अहवालात नुसतं ‘जुळतो’ एवढंच लिहिलेलं. आम्ही आकडा मागितला, तेव्हा प्रयोगशाळेनं कळवलं की नात्यात नसलेल्या सुमारे पन्नास हजार पुरुषांत एकाचा नमुना असा जुळेल.

सरतपासणीत सरकारी वकिलांनी लगेच विचारलं, “म्हणजे रक्त दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता पन्नास हजारांत एक?” तज्ज्ञ मॅडम ‘हो’ म्हणाल्या. निरपराध माणूस अशाच एका ‘हो’मुळे आत जाऊ शकतो.

उलटतपासणीत मी विचारलं, “रक्त आरोपीचं नसेल, तर योगायोगानं नमुना जुळण्याची शक्यता तुम्ही काढलीत ना?”

“हो.”

“आणि नमुना जुळला असताना रक्त त्याचं नसण्याची शक्यता?”

त्या थांबल्या. “ती आम्ही काढत नाही. त्यासाठी आणखी किती जण संशयित असू शकतात ते ठाऊक हवं.”

मग मी हिशेब मांडला. जिल्ह्यात दहा लाख प्रौढ पुरुष धरले, तर असा नमुना आरोपीखेरीज साधारण वीस जणांचा निघेल. दुसरा कुठलाच पुरावा नसेल, तर रक्त आरोपीचं असण्याची शक्यता एकवीसमध्ये एक. इंग्लंडच्या अपील न्यायालयानं 1996 साली डोहेनी आणि अ‍ॅडम्स यांच्या अपिलांत हेच सांगितलं होतं: नमुना दहा लाखांत एकाचा असला, तरी ब्रिटनमध्ये तो सुमारे सव्वीस पुरुषांचा असेल. त्या निकालाची प्रत मी न्यायाधीशांपुढे ठेवली.

बाहेर आल्यावर माझी ज्युनिअर म्हणाली, “सर, वीस जण निघतात म्हटल्यावर हा पुरावा निरुपयोगीच की!” तेही खरं नाही, आणि हे तिला नीट समजावणं मला गरजेचं वाटलं. दहा लाखांतून वीस उरणं ही मोठीच गोष्ट आहे. चोर त्याच वस्तीतला, हे स्वतंत्रपणे सिद्ध झालं असतं, तर वस्तीतल्या दोन हजार पुरुषांत जुळणारा दुसरा बहुधा निघालाच नसता आणि आमची बाजू कोसळली असती. पण पोलिसांचाच दावा होता की चोर बाहेरून आले. जप्तीचे दोन्ही पंच फितूर झाले होते. डीएनएला जोड द्यायला फिर्यादीकडे काहीच उरलं नव्हतं.

मॅडमना मी शेवटी विचारलं, “सख्ख्या भावाच्या बाबतीत हा आकडा लागू होतो?”

“नाही. भावाचा नमुना जुळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.”

आरोपीला दोन भाऊ होते, एकाच घरात राहणारे. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. न्यायाधीशांनी मॅडमचं ते उत्तर शब्दशः नोंदवून घेतलं, आणि संशयाचा फायदा देताना निकालपत्रात पहिलं कारण तेच दिलं.