पहिला धक्का आणि काट्याची सुई

"ताई, सोफा सरकवताना सगळा जोर सुरुवातीलाच का लागतो हो? एकदा हलला की मग कसा सरसर जातो!"

जमीन सोफ्याला ठरावीक जोराने धरून ठेवते असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. तुम्ही जेवढं ढकलता तेवढंच ती उलट ढकलते, आणि तिचं हे बरोबरीने वागणं एका मर्यादेपर्यंतच चालतं. ती मर्यादा ओलांडली की सोफा सुटतो. सुटलेल्या सोफ्याला होणारा विरोध मात्र त्या मर्यादेपेक्षा कमी असतो. उत्तर एवढंच आहे. पण नुसतं ऐकून ते मनात उतरत नाही, हे अकरावीच्या वर्गात मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे, म्हणून विचारणाऱ्याला मी आलेखच काढून दाखवते. हा आलेख पाठ्यपुस्तकातही असतो. माझा आलेख आमच्या नारायण पेठेतल्या जुन्या घरात, आईच्या सागवानी सोफ्यावर काढलेला आहे.

घर रिकामं करायचं होतं. खाली शहाबादी फरशी, सोफ्याचे पाय नुसते लाकडी, त्यांना रबर वगैरे काही नाही. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून मी त्याचा लटकता काटा तासाभरासाठी मागून आणला. गोल तबकडीचा, ५० किलोपर्यंत तोलणारा. आधी सोफ्याचं वजन काढलं. एक बाजू काट्याला अडकवून दोघांनी बांबूवर किंचित उचलली, ३० किलो भरली. दुसरी बाजूही तेवढीच. म्हणजे सोफा ६० किलोचा.

मग दोरी सोफ्याला अगदी खाली बांधली, म्हणजे ओढ जमिनीला समांतर राहील. दोरी तिरपी वर गेली तर ओढण्याबरोबर थोडं उचललंही जातं आणि आकडे खोटे येतात. भाऊ काटा धरून ओढायला उभा राहिला आणि मी तबकडीशी डोळे नेऊन फरशीवर बसले. त्याला सांगितलं होतं की हिसका द्यायचा नाही, पाणी तापावं तसा हळूहळू जोर वाढवायचा.

सुई ५ वर आली. सोफा जागचा हलला नाही. १० झाले, १५ झाले, २० झाले, तरी नाही. २५ ला दोरी इतकी ताणली गेली की बोट लावल्यावर टणटणायला लागली. २७ च्या घरात सुई आली आणि कर्र आवाज करत सोफा एकदम पुढे आला. त्या क्षणी सुई धाडकन खाली पडली. भाऊ सावकाश एका चालीने मागे चालत राहिला तशी ती थरथरत २१ च्या आसपास स्थिरावली. आम्ही हे आठ वेळा केलं. सुटण्याचा आकडा २६ ते २८ मध्ये आला, सरकतानाचा २१ च्या आगेमागे. अगदी पहिल्या ओढीला मात्र ३० लागले होते. सोफा पावसाळाभर त्याच जागी होता, पायाखाली मळ आणि ओल धरलेली होती. ती ओढ मी आलेखात घेतली नाही.

आता आलेख. आडव्या अक्षावर आपण लावलेलं बल, उभ्या अक्षावर घर्षण, दोन्हींना प्रमाण सारखं. मी आकडे किलोतच ठेवते. न्यूटन हवे असतील तर प्रत्येकाला ९.८ ने गुणा.

घर्षण मोजायला दुसरा काटा नव्हता, आणि सोफा उभा असेपर्यंत तो लागतही नाही. सोफा हलत नाही याचाच अर्थ आडव्या दिशेतली दोन बलं एकमेकांना पुरी पडली आहेत. १० ने ओढलं आणि सोफा उभा, म्हणजे घर्षण १०. २० ने ओढलं आणि उभा, म्हणजे घर्षण २०. हे बिंदू जोडले की शून्यापासून ४५ अंशांत चढणारी सरळ रेघ मिळते. हे स्थितिक घर्षण. २७ ला ती रेघ संपते, तिथलं घर्षण सर्वांत जास्त. त्यानंतर आलेख २१ वर उतरतो आणि तुम्ही आणखी कितीही जोराने ओढा, साधारण तिथेच आडवा चालत राहतो. हे गतिक घर्षण. वजनाने भागलं की पहिल्याचा गुणांक ०.४५ आणि दुसऱ्याचा ०.३५.

इथे मुलं जी चूक करतात ती मोठी माणसंही करतात. गुणांक गुणिले वजन म्हणजे २७, तर घर्षण पहिल्यापासून २७ च, असं धरून ती शून्यापासूनच आडवी रेघ मारतात. मी त्यांना विचारते, तुम्ही १० ने पुढे ओढलंत आणि जमीन २७ ने मागे ओढते आहे, तर सोफा कुठे जाईल? मागे गेला पाहिजे, तोही १७ च्या जोराने! कुणीच हात न लावलेला सोफा तर आपणहून भिंतीकडे निघाला पाहिजे. हे ऐकलं की चढती रेघ कुणी विसरत नाही. २७ ही त्या घर्षणाची कमाल आहे, नेहमीची किंमत नाही.

आता त्या उतारावर थोडं थांबू या, कारण तुमच्या हाताला जाणवतं ते सगळं तिथे आहे. सोफा सुटला त्या क्षणी तुमचा हात अजून २७ चाच जोर देतो आहे आणि जमीन मात्र २१ वर आली आहे. मधले ६ किलो, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन, एकदम मोकळे झाले. ६० किलोच्या सोफ्याला त्यातून जवळजवळ १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण मिळतं. हात तसाच राहिला तर अर्ध्या सेकंदात सोफा १२ सेंटिमीटर पुढे जातो. अर्ध्या सेकंदात जोर कमी करायचं जेमतेम सुचतं. म्हणून भिंतीजवळ सरकवताना समोरच्या बाजूला कुणाची बोटं असू देऊ नका. सोफा सुटतो तो हळू सुटतच नाही.

आणि २१ ते २७ यांच्या मधला पट्टा पाहा. समजा तुम्ही २४ ने ढकलताय. सोफा उभा असेल तर घर्षणही २४ होतं आणि तो हलत नाही, दिवसभर ढकला. तोच सोफा आधीपासून सरकत असेल तर घर्षण २१ आहे, ३ उरतात आणि तो वेग घेतो. ढकलणारा तोच, जोर तोच, फरशी तीच, फक्त क्षणापूर्वी सोफा काय करत होता यावर सगळं ठरलं. म्हणून हा आलेख उलट वाचता येत नाही. सरकत्या सोफ्यावरचा जोर २७ वरून २४ वर आणला तर घर्षण शिखराकडे परत चढत नाही, २१ वरच राहतं. २१ ला सोफा एका वेगाने चालतो, त्याखाली मंदावतो आणि थांबतो. थांबला की तुम्ही पुन्हा चढत्या रेघेवर आलात, आणि पुढच्या वेळी परत २७ द्यावे लागणार. खोलीच्या मध्यावर "जरा दम घेऊ" म्हणणाऱ्याला मी म्हणूनच अडवते. दाराशी पोचल्यावर बसू या.

पुष्कळ जण म्हणतात, हे जडत्वामुळे होतं, जड वस्तू हलायला तयार नसते. त्यांना मी सुईची आठवण करून देते. भाऊ इतका हळू जोर वाढवत होता की २६ पर्यंत सोफ्याला त्वरण नव्हतंच, तरीही सुई तिथे होती. जडत्व वेग किती पटकन वाढेल हे ठरवतं, हलायचं की नाही हे ठरवत नाही. हाच सोफा चाकांच्या पाट्यावर ठेवा. वस्तुमान जवळपास तेवढंच, पण थोड्याशा ओढीने निघतो.

मग उभ्या सोफ्याची पकड जास्त का? पाय आणि फरशी डोळ्यांना सपाट दिसतात, पण ती एकमेकांना टेकतात फक्त बारीक उंचवट्यांच्या टोकांवर. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी लहानशा भागात असतो. सगळं वजन त्या टोकांवर येतं, ती दबतात, आणि वस्तू उभी राहील तसा तो स्पर्श थोडा थोडा वाढत जातो. सरकत असताना टोकं सतत बदलत असतात, कुणालाच नीट बसायला वेळ मिळत नाही. विद्युतभारांच्या नियमाला ज्याचं नाव आहे तो फ्रेंच इंजिनिअर कुलोम, त्याने १८ व्या शतकातच लाकडावर लाकूड ठेवून मोजलं होतं की विसाव्याचा वेळ वाढला की सुटण्याचं बल वाढतं. फळ्यावर खडू किंचाळतो तेही याचमुळे. तो चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, सेकंदात कितीतरी वेळा.

पुस्तकातला उभा कडा आणि सपाट पठार हे सोयीसाठी सरळ केलेलं चित्र आहे. आमची सुई पठारावरही थरथरत होती. पायांना रबराच्या टोप्या असतील तर हे साधे गुणांक तितके भरवशाचे राहत नाहीत.

तुमच्या उपयोगाचं सांगायचं तर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हमालांचा "हैय्या". दोन माणसं प्रत्येकी १५ चा जोर देतात, पण एकाचा जोर येतो तेव्हा दुसरा श्वास घेत असेल, तर बेरीज २७ ला कधीच पोचत नाही आणि दोघंही घामाघूम होतात. आरोळीवर दोघांचा जोर एकाच क्षणी पडतो, ३० होतात आणि सोफा सुटतो. आणि सुटल्यावर प्रत्येकाने साडेदहा दिले तरी पुरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. शिखराची उंची जमिनीवर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते. वरून वाकून सोफ्याच्या पाठीवर हात ठेवून रेटलंत तर तुमचा भार त्यात मिळतो आणि शिखर आणखी उंच होतं. कमरेत न वाकता गुडघे वाकवा, हात खाली, बैठकीच्या चौकटीला लावा आणि आडवं किंवा किंचित वरच्या दिशेने ढकला. कुणी एका टोकाला १५ किलो उचलून धरले तर फरशीवर ४५ उरतात, आणि २७ चं शिखर २० वर येतं. आम्ही शेवटी तसंच केलं. भावाने ओढलं, मी एक कड उचलून धरली आणि सुई २० च्या पुढे जायच्या आतच सोफा दाराकडे निघाला.