सिंगापूरची ट्यूशन ग्रँट: बाँड मोडला तर किती भरायचं, आणि कोणी

“मुलीला सिंगापूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. ट्यूशन ग्रँट घेतली तर पदवीनंतर तीन वर्षं तिथेच नोकरी करायचा बाँड आहे म्हणतात. पुढे तिला अमेरिकेला जायचं झालं तर? जामीनदार म्हणून मी आणि तिचा मामा सही करणार आहोत.”

पैसे भरून बाहेर पडता येतं. हा दिवाणी करार आहे, तो मोडणं फौजदारी गुन्हा नाही. पण रक्कम मोठी असते, ती दरवर्षी वाढत जाते आणि मुलीने भरली नाही तर तुमच्याकडे आणि मामांकडे मागितली जाते. सही करण्याआधी हे सगळं आकड्यांत मांडून बघा.

ग्रँट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. एनयूएस, एनटीयू यांसारखी सिंगापूरची विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला दोन फी दाखवतात: पूर्ण फी आणि ग्रँट वजा जाऊन उरणारी फी. मधला फरक तिथलं शिक्षण मंत्रालय परस्पर विद्यापीठाला देतं. मुलीच्या खात्यात काहीच जमा होत नाही, त्यामुळे आपण कोणाचे पैसे घेतलेत असं घरात कोणाला वाटतच नाही. करारात मात्र हीच रक्कम मुद्दल म्हणून धरलेली असते. ग्रँट घेणं सक्तीचं नाही, पूर्ण फी भरली तर बाँड लागत नाही. बहुतेक अभ्यासक्रमांना बाँड तीन वर्षांचा असतो, वैद्यकीय आणि दंतवैद्यकीयला जास्त.

बाँड मोडला की मिळालेली ग्रँट आणि तिच्यावर वर्षाला १० टक्के चक्रवाढ व्याज भरावं लागतं. हे व्याज बाँड मोडल्या दिवसापासून लागतं असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात ग्रँटची ती ती रक्कम ज्या दिवशी विद्यापीठाला दिली गेली, तेव्हापासून ते चढत असतं. पहिल्या सेमिस्टरच्या पैशावर म्हणून सगळ्यात जास्त व्याज चढतं.

हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षाला २०,००० सिंगापूर डॉलर ग्रँट धरू, चार वर्षं, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला दिलेली. तुमचा खरा आकडा हवा असेल तर विद्यापीठाच्या फी-तक्त्यातल्या दोन फींची वजाबाकी करा. चार वर्षांत मुद्दल झालं ८०,०००. पदवीच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या २०,०००चे २९,२८२ झालेले असतात, दुसऱ्याचे २६,६२०, तिसऱ्याचे २४,२००, चौथ्याचे २२,०००. एकूण १,०२,१०२ डॉलर. डॉलरला ६५ रुपये धरले तर साधारण ६६ लाख. मुलगी त्याच दिवशी अमेरिकेला निघाली तर हा आकडा.

आता समजा तिने एक वर्ष नोकरी करून मग सोडली. त्या वर्षात व्याज धरून रक्कम १,१२,३१२ झाली. इथे करारातलं एक वाक्य फार महत्त्वाचं ठरतं. केलेल्या सेवेच्या प्रमाणात वजावट आहे की नाही? वजावट असेल तर उरलेल्या दोन तृतीयांश मुदतीचे सुमारे ७४,८७५ डॉलर, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास. वजावट नसेल तर पूर्ण १,१२,३१२, म्हणजे ७३ लाख. दोन वर्षांनी सोडली तर वजावटीसह ४१,१८१ आणि वजावटीशिवाय १,२३,५४३. परदेशी शिष्यवृत्त्यांच्या बाँडमध्ये दोन्ही प्रकारची कलमं सापडतात. म्हणून ब्रोशर किंवा सिनियरच्या सांगण्यावर न जाता, तुमच्या हातात येणाऱ्या कराराच्या मसुद्यात नुकसानभरपाईचं कलम काढून हे वाक्य शोधा. मुलीने पदवीच अर्धवट सोडली तर काय, तेही त्याच कलमाच्या आसपास लिहिलेलं असतं.

एवढे आकडे पाहून पालक घाबरतात. माझं मत असं की ग्रँटकडे परतफेडीची तारीख पुढे ढकललेलं, १० टक्क्यांचं, सिंगापूर डॉलरमधलं शैक्षणिक कर्ज म्हणून पाहावं. तीन वर्षं नोकरी केली की ते पूर्ण माफ होतं. पूर्ण फीसाठी इथल्या बँकेचं कर्ज काढलंत तरी व्याजदर याच आसपास असतो आणि ते कर्ज नोकरी करून माफ होत नाही. त्यामुळे ग्रँट नाकारणं शहाणपणाचं असतंच असं नाही. फरक दोनच. हे देणं डॉलरमध्ये आहे, म्हणजे रुपया घसरला की तुमच्यासाठी ते वाढतं. आणि उरलेल्या फीसाठी इथल्या बँकेचं कर्ज काढलं असेल, तर बाँड मोडल्यावर दोन्ही देणी एकाच वेळी अंगावर येतात.

बाँड मोडतो तो नेहमी अमेरिकेच्या ओढीनेच, असं नाही. राहायची तयारी असूनही नोकरी न मिळाल्यामुळे अडकलेली मुलं असतात आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. सेवा द्यायची जबाबदारी मुलीची, नोकरी शोधायचीही तिचीच. वर्क पास, म्हणजे तिथे काम करायचा परवाना, मिळेलच याची हमी बाँडमध्ये नसते. पदवीनंतर नोकरी शोधायला जास्तीत जास्त एक वर्षाचा व्हिजिट पास मिळू शकतो. त्या काळात बाँडचं घड्याळ थांबलेलं असतं, व्याजाचं चालू असतं. आपल्या उदाहरणात रिकाम्या गेलेल्या त्या एका वर्षाची किंमत १०,२१० डॉलर होते.

एम्प्लॉयमेंट पास या वर्क पाससाठी जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जाला किमान पगार महिना ५,६०० डॉलर लागतो, वित्तक्षेत्रात ६,२००. त्यावर सप्टेंबर २०२३ पासून कंपास नावाची गुणपद्धत आहे, तिच्यात ४० गुण मिळवावे लागतात. एनयूएस-एनटीयूच्या पदवीला तिथे चांगले गुण मिळतात. पण कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत २५ टक्के किंवा जास्त भारतीय असतील, तर राष्ट्रीयत्वाच्या निकषावर भारतीय उमेदवाराला शून्य मिळतं. म्हणजे आपल्या लोकांनी भरलेल्या आयटी कंपनीत ओळखीने मुलाखत मिळेल, पण पास अडू शकतो. वरच्या श्रेणीत २५पेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या कंपनीला हा निकष लागत नाही, तिथे आपोआप १० गुण धरतात. पगार कमी असेल तर एस पास हा पर्याय आहे, मात्र त्याला कंपनीमागे कोटा असतो आणि कंपनीला दरमहा लेव्ही म्हणजे सरकारी शुल्क भरावं लागतं. मुलीने तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपपासूनच या अंगाने कंपन्या निवडाव्यात.

नोकरी मोजली जायची तर ती सिंगापूरमध्ये नोंदणी झालेल्या संस्थेतली हवी. सिंगापूरला खोली घेऊन कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं काम घरून केलं, तर वर्ष जातं, बाँड तिथेच राहतो. नियुक्तिपत्रावर नोकरी देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, पगार त्याच कंपनीकडून येतो ना, हे पहिल्याच महिन्यात तपासावं. नोकरी बदलली की मंत्रालयाला कळवावं. पगाराच्या पावत्या आणि सोडल्याची पत्रं शेवटपर्यंत जपून ठेवावीत.

अमेरिकेत एमएस करायचं असेल तर बाँड मोडण्याआधी स्थगिती मागता येते. शिकून परत येऊन सेवा द्यायची, या अटीवर. अर्ज निघण्याआधी करायचा आणि लेखी मंजुरी हातात आल्यावरच तिकीट काढायचं. पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे. दोन वर्षं एमएस करून मुलगी परतलीच नाही आणि करारात स्थगितीचा काळ व्याजातून वगळलेला नसेल, तर आपल्या उदाहरणातली रक्कम १,२३,५४३ डॉलर होते, आणि सेवा शून्य असल्यामुळे वजावटही शून्य. परतायचं नाही हे मनात पक्कं असेल तर स्थगिती घेऊन दोन वर्षं काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे.

आता मामांबद्दल. नात्यातली सही म्हणून ही सही घेऊ नका. बहुतेक जामीनकरारांत जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्र असते, म्हणजे पूर्ण रक्कम तिघांपैकी कोणाही एकाकडून मागता येते. आधी मुलीच्या मागे लागा, मग आमच्याकडे या, असं म्हणता येत नाही. मामांना वर काढलेला हिशेब कागदावर दाखवा आणि तो समजल्यावरच त्यांनी सही करावी. तुमच्या दोघांत आपापसांत एक साधा लेखी करार करून ठेवा, की मामांवर काही आलं तर ते तुम्ही भरून द्याल. सरकारला तो बांधील नसतो, पण मामांच्या घरच्यांना त्याचा आधार राहतो.

आपण भारतात, ते सिंगापूरला, कोण येतंय वसुलीला, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली सिंगापूर हा अधिसूचित देश आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने पैशाचा निकाल दिला तर तो इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी आणता येतो, मूळ वाद पुन्हा चालवावा लागत नाही. नैसर्गिक न्याय डावलला, फसवणूक झाली अशा कलम १३ मधल्या मोजक्या कारणांवरच हरकत घेता येते. निकाल तिथल्या खालच्या न्यायालयाचा असेल तर त्याच्या आधारे इथे वेगळा दावा लावावा लागतो. वेळ जातो, पण वाट बंद होत नाही. आणि तिथून आलेल्या नोटिशीला उत्तर न देता बसलात तर एकतर्फी निकालाची शक्यता वाढते.

म्हणून बाँड मोडायचाच ठरला, तर नोकरी सोडण्याआधी मंत्रालयाला लेखी विचारून त्या तारखेचा नेमका आकडा मागवावा, वर काढला तसा स्वतःचा हिशेब त्याच्याशी पडताळावा आणि एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांची विनंती त्याच पत्रात करावी. अमेरिकेतली कंपनी रुजू होताना जॉइनिंग बोनस देत असेल तर ही रक्कम दाखवून वाटाघाट करता येते. पैसे पूर्ण भरून झाल्यावर, किंवा तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, जबाबदारी संपल्याचं पत्र मागून घ्या. त्यात मुलीचं, तुमचं आणि मामांचं, तिघांचीही नावं असायला हवीत.