नेटला बूट लागला, पण नक्की कधी?

टेनिसचा दुहेरीचा सामना, पहिला सेट ४-४, ड्यूस. खुर्चीवर अंपायर नव्हता. आपापल्या बाजूचे कॉल आपणच द्यायचे आणि अडलंच तर मैदानावर फिरणाऱ्या रेफरीला बोलवायचं, अशी स्पर्धा होती. त्या ड्यूसचा पॉइंट काही सेकंदांत संपला, पण त्यावरून आम्ही चौघे इतका वेळ भांडलो की शेजारच्या कोर्टवरचे लोक खेळ थांबवून बघायला लागले.

झालं असं. मी बेसलाइनवरून मारलेला बॅकहँड नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला घासला आणि पलीकडे अगदी जाळीजवळ टपकला. समोरच्या जोडीतला डावखुरा जीव तोडून धावत आला आणि पहिल्या टप्प्यानंतर त्याने चेंडू रॅकेटच्या टोकाने उचलून माझ्या जोडीदाराच्या डोक्यावरून मागे टाकला. चेंडू हवेत असतानाच त्याचा उंच साथीदार त्याला उद्देशून "मागे, मागे!" असं ओरडला. मी आडवा धावलो. चेंडू बेसलाइनच्या आत पडून वर आला आणि मी रॅकेट मागे नेणार, इतक्यात नेटजवळ उभा असलेला माझा जोडीदार ओरडला, "नेट! नेटला लागला!" मी हात आवरला आणि चेंडू जाऊ दिला.

मग चौघांची चार मतं. डावखुरा म्हणाला की त्याचं काहीच नेटला लागलं नाही, नेट हलत होतं ते माझ्याच फटक्याने. उंच गड्याचं म्हणणं, लागलं असलं तरी चेंडू तोवर तुमच्या कोर्टात पडला होता, म्हणजे फटका पूर्ण झाला होता. शिवाय तुम्ही चेंडू सोडला, तेव्हा पॉइंट आमचा. माझा जोडीदार "मागे, मागे" या ओरडण्यावरून त्यांच्यावर अडथळ्याचा आरोप करत होता. माझं म्हणणं एवढंच होतं की नेटला शिवला की पॉइंट गेला, पण तो नेमका कोणत्या क्षणी जातो, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रेफरी मॅडम आल्या. नियमांबद्दल बोलायला त्यांनी आम्हाला बंदीच घातली. "कोणाचा पॉइंट ते मी बघते. तुम्ही फक्त काय घडलं आणि कशानंतर घडलं तेवढं सांगा." त्यांनी पॉइंट पाहिला नव्हता, त्यामुळे घटनांसाठी त्या आमच्यावरच अवलंबून होत्या. नियमाचा अर्थ लावण्यात मात्र रेफरीचा शब्द शेवटचा असतो.

सुरुवात त्यांनी नेटच्या हलण्यापासून केली आणि तो मुद्दा लगेच बाजूला ठेवला. पट्टीला चेंडू घासला होता, म्हणजे नेट थरथरणारच. त्यावरून कोणाचा स्पर्श सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. मग त्यांनी डावखुऱ्याला सरळ विचारलं, "नेट का हललं ते जाऊ द्या. तुमचं काही लागलं का? बूट, रॅकेट, शर्ट?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बूट लागला. थांबताना, खालच्या बाजूला. पण चेंडू तेव्हा त्यांच्याकडे पडून झाला होता." माझा जोडीदार उसळला, "छे! चेंडू हवेत होता."

इथे वाद पुन्हा पेटणार असं मला वाटलं, पण मॅडमनी तो तिथेच संपवला. चेंडू हवेत होता की एक टप्पा पडून गेला होता, याने काहीच फरक पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. सर्व्हिस करणाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणापासून पॉइंटचा निकाल लागेपर्यंत चेंडू खेळात असतो. आमच्या बाजूला पहिला टप्पा पडल्याने निकाल लागत नाही, कारण तो चेंडू परतवायची संधी अजून आमच्याकडे असते. दुसरा टप्पा पडला, किंवा त्याआधी चेंडू मागच्या जाळीवर आदळला, तरच त्यांचा फटका विजयी ठरला असता. तोपर्यंत खेळाडूचं अंग, कपडे किंवा रॅकेट, मग ते हातात असो वा हातातून सुटलेलं, नेटला, नेटच्या खांबाला, दोराला, मधल्या पट्ट्याला किंवा समोरच्याच्या कोर्टाला लागलं, की पॉइंट गेला. किती जोरात लागलं, त्याचा फायदा झाला का, हे कोणी विचारत नाही. नुसता शर्टाचा काठ लागला तरी तेवढंच.

त्यांचा शेवटचा प्रश्न मला होता. "तुम्ही थांबलात तेव्हा किती टप्पे झाले होते?" एकच. "आणि थांबलात कशामुळे?" जोडीदाराच्या ओरडण्यामुळे. जोडीदार ओरडला तो बूट लागल्याचं बघून. म्हणजे क्रम असा लागला: डावखुऱ्याचा फटका, बुटाचा स्पर्श, आमची हाक, माझं थांबणं. बूट लागला त्याच क्षणी पॉइंट आमचा झाला होता आणि पुढे मी चेंडू सोडला की मारला याला अर्थ उरला नव्हता. डावखुऱ्याने स्पर्श नाकारला असता आणि तो सिद्ध झाला नसता, तर मात्र खेळ आम्हीच थांबवला असं धरून पॉइंट आमच्या हातून गेला असता. त्या एका हाकेत आम्ही केवढा धोका पत्करला होता, हे तेव्हा कळलं.

उंच गड्याने तडजोड सुचवली, "जाऊ दे, पुन्हा खेळू." हौशी खेळात हे सर्रास चालतं आणि ऐकायला मनमिळाऊही वाटतं. मॅडमनी ठाम नकार दिला. लेट, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळणं, ही भांडण मिटवायची सोय नव्हे. तो ठरावीक कारणांसाठीच मिळतो, आणि इथे त्यातलं एकही कारण नव्हतं.

मग त्यांनी "मागे, मागे"चा विषय घेतला, आणि मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. अडथळ्याच्या नियमाला दोन बाजू आहेत. प्रतिस्पर्ध्याने हेतुपुरस्सर केलेल्या कृतीने तुम्हाला खेळताना अडथळा झाला तर पॉइंट तुमचा. प्रतिस्पर्ध्याकडून नकळत काही झालं, किंवा तुमच्या हाताबाहेरचं काही आडवं आलं, जसं उडत्या पक्ष्याला चेंडू लागला, तर पॉइंट पुन्हा खेळायचा. माझी समजूत अशी होती की हेतुपुरस्सर म्हणजे मुद्दाम त्रास द्यायला. तसं नाही. त्रास द्यायचा विचार होता का, हे बघत नाहीत. ती कृती त्याने स्वतःहून केली का, हे बघतात. ओरडणारा आपल्या साथीदाराशी बोलत होता हे खरं, पण तोंड त्याने स्वतःच उघडलं होतं. चेंडू आमच्याकडे येत असताना त्या ओरडण्याने माझा फटका खरोखर बिघडला असता, तर तोही हेतुपुरस्सर अडथळाच ठरला असता. चेंडू आपल्याकडे येत असेल तेव्हा जोडीदाराशी बोलायला हरकत नाही. तो पलीकडे निघाला की तोंड बंद ठेवावं, एवढं त्यातून घ्यावं.

"त्याने तुम्हाला अडथळा झाला?" त्यांनी मला विचारलं. खरं सांगायचं तर झाला नव्हता. मी त्या आवाजाने थबकलोही नव्हतो. मग आरोपच उरत नाही. अडथळा झाला असेल तर तिथल्या तिथे थांबायचं आणि सांगायचं. खेळत राहून फटका चुकल्यावर आठवण येणं चालत नाही. आणि समोरच्यालाच अडथळा झाला असावा असं स्वतःच ठरवून कोणी थांबलं, तर पॉइंट थांबणाऱ्याचा जातो.

घरी जाऊन मी जुन्या सामन्यांत अशा घटना शोधल्या आणि दोन मोठे पॉइंट नव्याने समजले. २०१३ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात जोकोविच नदालविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ४-३ ने पुढे होता, स्वतःच्या सर्व्हिसवर ड्यूस. नेटजवळ त्याने सोपा चेंडू मोकळ्या कोर्टात मारला आणि त्याच झोकात तो नेटवर जाऊन आदळला. नदाल त्या चेंडूपर्यंत पोचण्याची शक्यताच नव्हती. पण दुसरा टप्पा पडायच्या आत स्पर्श झाला होता, म्हणून पॉइंट नदालचा. नदालने तो सेट ९-७ ने घेतला. पाहताना मला तो निर्णय फार कठोर वाटला होता. आता वाटतं, यात पंचाला ठरवायला दुसरं काही नव्हतंच.

दुसरी घटना २०११ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यातली. दुसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये, ३०-४० असताना, सेरेना विल्यम्सने जोरदार फोरहँड मारला आणि चेंडू अजून खेळात असतानाच "कम ऑन!" असं ओरडली. तिची प्रतिस्पर्धी समंथा स्टोसरने चेंडूला कशीबशी रॅकेट लावली होती. अंपायरने पॉइंट स्टोसरला दिला आणि त्याबरोबर तो गेमही गेला. सेरेना भडकली. तिला अडथळा आणायचा होता असं कोणालाच वाटलं नसेल, पण ती ओरडली ते स्वतःहून.

पट्टीला घासून पलीकडे पडलेल्या माझ्या चेंडूबद्दल मात्र कोणीच तक्रार केली नाही, आणि करायला जागाही नव्हती. रॅलीत चेंडू नेटला, पट्टीला, अगदी खांबाला लागून जरी योग्य कोर्टात पडला तरी तो चांगलाच. सर्व्हिसचं वेगळं आहे. ती नेटला लागून योग्य चौकटीत पडली तर लेट, आणि खांबाला लागली तर सरळ फॉल्ट, मग ती आत पडो की बाहेर.

त्या सामन्यात दुसऱ्या सेटमध्ये आणखी एक गोष्ट झाली. रॅली चालू असताना डावखुऱ्याच्या खिशातून राखीव चेंडू घरंगळला. मी लगेच हात वर करून थांबलो. यावेळी भांडण झालं नाही. मॅडम जवळच होत्या. नकळत झालेला अडथळा म्हणून त्यांनी लेट दिला आणि त्याला बजावलं की पुन्हा चेंडू पडला तर तो हेतुपुरस्सर धरला जाईल आणि पॉइंट जाईल. त्याने तो चेंडू खिशातून काढला, मागच्या जाळीशी नेऊन ठेवला आणि बाकीचा सेट रिकाम्या खिशाने खेळला.