व्हर्निअर शून्यावर नव्हता आणि माझे सहा जॉब गेले

अप्रेंटिसशिपचा दुसरा महिना होता. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास 25 मि.मी. होता, चालणारी हद्द 24.95 ते 25.00. मी एकामागून एक सहा जॉब, म्हणजे सहा शाफ्ट, काढले. प्रत्येक वेळी माप घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर 24.98 दाखवत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. इन्स्पेक्शनला मायक्रोमीटर लावला तर सगळे 24.92 भरले. व्यास मोठा राहिला असता तर पुन्हा कट घेता आला असता. कमी झालेल्या जॉबवर मात्र धातू परत चढत नाही, त्यामुळे सहाही स्क्रॅपमध्ये गेले.

उस्तादांनी माझ्याकडून व्हर्निअर घेतला, त्याचे जॉ, म्हणजे जॉब पकडणारे दोन जबडे, बंद केले आणि माझ्यासमोर धरला. "बघ, शून्यावर आहे का?" मला तर शून्य शून्याला लागल्यासारखंच वाटलं. मग त्यांनी दुसरं टोक दाखवलं.

आमच्या व्हर्निअरच्या सरकत्या पट्टीवर 50 भाग होते आणि ते मेन स्केलच्या 49 मि.मी.मध्ये बसवलेले होते. म्हणजे पट्टीचा एक भाग 0.98 मि.मी. आणि लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वात लहान माप, 0.02. जॉ बंद असताना पट्टीचं शून्य मेन स्केलच्या शून्याला लागायला हवं, आणि त्याच वेळी पट्टीची शेवटची, पन्नासावी रेघ 49 मि.मी.च्या रेघेला लागायला हवी. माझ्या व्हर्निअरवर ती लागत नव्हती. जुळत होती पट्टीची तिसरी रेघ. 3 गुणिले 0.02 म्हणजे 0.06. शून्य तेवढं उजवीकडे सरकलेलं होतं, पण नुसत्या शून्याकडे बघून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. अशा व्हर्निअरवर वाचलेल्या मापातून 0.06 वजा करायचे असतात. 24.98 उणे 0.06, बरोबर 24.92.

वजाबाकी करण्याआधी उस्तादांनी जॉ पुसायला लावले. दोन्ही जॉमध्ये स्वच्छ कागद हलका धरून ओढला आणि बंद जॉ खिडकीसमोर धरले. एका टोकाला उजेडाची बारीक फट दिसली. दुसऱ्या टोकाला एका जॉच्या कडेला बर, म्हणजे धातूची उठलेली बारीक कड, होती, बहुधा व्हर्निअर कधीतरी पडला असावा. मळ किंवा चिप असती तर पुसून शून्य परत आलं असतं. बर असल्यामुळे तो व्हर्निअर दुरुस्तीला गेला आणि मला दुसरा मिळाला.

दुसऱ्याची गोष्ट उलटी निघाली. त्याचे जॉ झिजलेले होते, त्यामुळे बंद केल्यावर पट्टीचं शून्य मेन स्केलच्या शून्याच्या डावीकडे जायचं आणि 47वी रेघ जुळायची. इथे मी पुन्हा घोळ घातला: 47 गुणिले 0.02, म्हणून 0.94 धरले. शून्य डावीकडे गेलं असेल तर शेवटाकडून मोजायचं. 50 उणे 47 म्हणजे 3 भाग, म्हणजे 0.06 कमी. हे 0.06 वाचलेल्या मापात मिळवायचे. आता मी चिन्हं पाठ करत बसत नाही. बंद जॉवर शून्य उजवीकडे असेल तर व्हर्निअर जास्त सांगतो, डावीकडे असेल तर कमी सांगतो, एवढंच डोक्यात ठेवतो.

24.98 वाचताना आणखी एक फसगत होते. शून्य 25च्या रेघेच्या अगदी अलीकडे, फक्त 0.02वर असतं. डोळ्याला ते 25वरच दिसतं आणि घाईत 25.98 लिहिलं जातं. शून्याने खरंच ओलांडलेली रेघ 24ची आहे, म्हणून 24 घ्यायचे आणि त्यात 49व्या रेघेचे 0.98 मिळवायचे.

पॅरॅलॅक्स, म्हणजे तिरकं बघितल्याने रेघा सरकलेल्या दिसणं, मला जास्त उशिरा कळला. मी लेथवर वाकून बाजूने वाचायचो. पट्टी मेन स्केलच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच असते. समजा ती 0.3 मि.मी. उंच आहे आणि नजर 10 अंश तिरकी आहे, तर रेघा साधारण 0.05 मि.मी. सरकलेल्या दिसतात. माझी सगळी हद्दच तेवढी होती. जुळलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूच्या रेघा तिच्याकडे सारख्याच झुकलेल्या दिसल्या की रेघ बरोबर निवडली, असं मी मानायचो. रेघ निवडायला ही खूण चांगली आहे, पण तिरक्या नजरेत चुकीच्या रेघेभोवतीही शेजारच्या रेघा तशाच दिसतात. म्हणून मी डोकं जरा डावी-उजवीकडे हलवून बघतो. जुळणारी रेघ बदलत असेल तर पट्टीच्या अगदी समोर येऊन वाचतो. लेथवर वाकायला जागा नसेल तर मशीन बंद करून माप घेतो, लॉक स्क्रू कसतो, व्हर्निअर जॉबवरून अलगद काढतो आणि उजेडात डोळ्यांसमोर सरळ धरतो.

आता पाळी सुरू झाली की जॉ पुसतो, बंद करतो आणि शून्याआधी शेवटची रेघ बघतो. दर दहा जॉबनंतर हेच पुन्हा करतो.