उगादीच्या शुभेच्छा, पण कुणाला?

2023च्या गुढीपाडव्याला, म्हणजे 22 मार्चला, मी सकाळी सकाळी मोठ्या उत्साहात ‘उगादीच्या हार्दिक शुभेच्छा’ असा मेसेज लिहिला आणि दक्षिणेतल्या ओळखीच्या सगळ्यांना एकगठ्ठा धाडून दिला. हैदराबादहून लगेच हात जोडलेले आले. बंगळुरूच्या मित्राचेही आले, फक्त त्याने उत्तरात ‘युगादी’ लिहिलं होतं. ही दुरुस्ती इतकी हळुवार होती की ती दुरुस्ती आहे हे मला संध्याकाळी कळलं.

चेन्नईच्या बाईंचं उत्तर मात्र जरा उशिरा आलं. ‘थँक यू. आमचं वर्ष चौदा एप्रिलला लागतं.’ पुढे एक स्मितहास्य. त्या हास्याने मी दिवसभर ओशाळलेला होतो.

खरं तर यात अवघड काही नाही. आपला पाडवा चंद्रावर चालतो. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हटली की अमावास्या कधी संपते ते पाहायचं, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी मागेपुढे पळते. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाचं गणितही हेच, म्हणून त्यांचा सण आपल्याच दिवशी येतो. तमिळ वर्ष सूर्यावर चालतं. सूर्य मेष राशीत शिरला की वर्ष लागलं, आणि ते जवळजवळ दरवर्षी 14 एप्रिललाच. नावही वेगळं: पुत्तांडु, किंवा घरगुती बोलीत वरुष पिरप्पु, म्हणजे वर्षाचा जन्म. आपल्याकडे कॅलेंडरच्या चौकटीत ‘मेष संक्रांती’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तीच ही. आपण ती चौकट ओलांडून थेट पुढच्या सुट्टीकडे पाहतो, हा भाग वेगळा.

मग 14 एप्रिलला मी सावधपणे चेन्नईला ‘पुत्तांडु’ लिहून पाठवलं. शाबासकी मिळाली. त्या भरात केरळच्या सहकाऱ्यालाही ‘विषूच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा’ पाठवल्या. सूर्य एकच, मेष रास एकच, चुकेल कसं?

चुकलं, आणि एकाच ओळीत दोन ठिकाणी. त्या वर्षी सूर्य मेषेत शिरला तो 14 तारखेला दुपारी. तमिळ रीतीने सूर्यास्ताच्या आत संक्रमण झालं तर तोच दिवस धरतात. विषूचं सगळं महत्त्व मात्र पहाटे डोळे उघडताच पाहायच्या ‘कणी’ला, म्हणजे शुभ वस्तूंच्या मांडणीला. दुपारच्या संक्रमणानंतरची पहिली पहाट 15 एप्रिलची, म्हणून विषू 15ला. पुढच्या दोन्ही वर्षी संक्रमण 14च्या पहाटेआधीच झालं होतं, तेव्हा दोन्ही सण 14लाच आले. म्हणजे गेल्या वर्षीची तारीख पाठ करूनही भागत नाही.

दुसरी चूक नावाची. ‘नववर्ष आमचं ऑगस्टमध्ये,’ तो म्हणाला. मल्याळी कोल्लम वर्ष चिंगम महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतं. विषूला नववर्ष म्हणणारे तिकडेही आहेत म्हणे, पण हा त्यातला नव्हता.

तेव्हापासून मी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर भरवसा ठेवत नाही. ज्याला शुभेच्छा द्यायच्या त्याच्या राज्य सरकारची त्या वर्षीची सुट्ट्यांची यादी उघडतो. त्यात तारीख मिळते आणि बहुतेक वेळा तिथलं नावही. यादीच्या माथ्यावरचं साल आधी वाचायचं, कारण शोधलं की जुनीच यादी वर येते. शिवाय भाषा एक म्हणून यादी एक असं नसतं. 2023मध्ये बंगाली नववर्ष ढाक्याला 14 एप्रिलला होतं, कारण बांगलादेशाने ती तारीख कायमची ठरवून टाकली आहे; कोलकात्यात पंचांग पाहून ते 15ला आलं.

एवढी तयारी करून त्याच वर्षीच्या दिवाळीत मी गुजराती मित्राला फोन लावला. लक्ष्मीपूजन आदल्याच दिवशी, 12 नोव्हेंबरला झालं होतं, म्हणजे त्यांचं नववर्ष, बेसतुं वरस, 13ला, असं कुणीही म्हणालं असतं. मी शहाणा झालो होतो, आधी विचारलं.

“अरे, उद्या,” तो म्हणाला. “अमावास्या आज दुपारपर्यंत आहे. आज धोको.” मधल्या अशा रिकाम्या दिवसाला ते धोको म्हणतात.

“बरं झालं विचारलं. उद्या साल मुबारक म्हणतो.”

“म्हण की. पण मी मूळचा कच्छचा. आमचं कच्छी नवं वर्ष आषाढी बीजेला, ते जूनमध्येच होऊन गेलं.”