आमची वाटचाल : कल्हईवरच्या एका आरोपाला दिलेले उत्तर

तांब्या-पितळेची भांडी विकणे आणि त्यांना कल्हई लावून देणे हा आमच्या घराचा व्यवसाय वडिलांनी भुलेश्वरच्या एका गाळ्यात सुरू केला. तांबाकाट्यावरून भांडी आणायची, मागच्या पडवीत भट्टी पेटवायची आणि गिऱ्हाइकासमोर कल्हई करून द्यायची, ही त्यांची पद्धत होती. सुरुवातीपासून आमच्याकडे असलेल्या कल्हईवाल्या चाचांना वडिलांनी नफ्यात वाटा दिला होता, आणि तो आजही त्यांच्या मुलाकडे जातो. मधली अनेक वर्षे सुरळीत गेली. सांगण्यासारखे आहे ते एका गौरी-गणपतीच्या हंगामातले, ज्या हंगामात हे दुकान बंद करावे लागते की काय, अशी वेळ आमच्यावर आली.

आमच्या एका रीलखाली कोणा अनोळखी व्यक्तीने लिहिले होते : “हे लोक कल्हईच्या नावाखाली शिसे फासतात. माझ्या आईच्या टोपाची कल्हई दोन महिन्यांत काळी पडली. चोर आहेत, यांच्याकडून काही घेऊ नका.” एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. परंतु आमच्याच धंद्यातल्या एका स्पर्धकाने त्या मजकुराचा स्क्रीनशॉट केटरिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरवला, आणि ज्यांच्या घरची लग्नकार्ये आमच्या भांड्यांत झाली त्यांनीही एक फोन करून विचारण्याची तसदी न घेता मागण्या रद्द केल्या. याचे दुःख मला आजही आहे. गिरगावातल्या खानावळीच्या काकूंनी मात्र आपले सगळे टोप नेहमीप्रमाणे कल्हईला पाठवले आणि निरोप दिला की, “लोकांना दाखवायला माझा वापरातला टोप हवा असेल तर खुशाल ठेवून घ्या.” पुढच्या व्हिडिओत त्याच टोपाचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला.

उत्तर व्हिडिओनेच द्यायचे हे ठरले, कारण आरोप ज्या पडद्यावर पसरला होता तिथेच तो तपासून दाखवणे आवश्यक होते. माझ्या पुतण्याने पहिल्या मसुद्यात स्पर्धकाचे नाव घातले होते. ते मी काढायला लावले. आरोप आम्ही कल्हईसाठी वापरतो त्या कथलावर होता, आणि स्पर्धकाचे नाव आले असते तर पाहणाऱ्यांचे लक्ष कथलावरून उडून भांडणाकडे गेले असते. त्यानंतर तो मजकूर कागदावर उतरवून आम्ही त्याचे तीन भाग केले. पहिल्या वाक्यात तपासता येण्याजोगा दावा होता, दुसऱ्यात एका घरातला अनुभव होता आणि तिसऱ्यात शिवी होती. शिवीला उत्तर नसते, म्हणून ती वगळली. दाव्याला पुरावा लागतो. अनुभवाला कारण सांगावे लागते, आणि ज्या शेकडो लोकांच्या घरी तसाच काळवंडलेला टोप असतो ते व्हिडिओ पाहतात ते त्या कारणासाठी. विरोधी मजकुराला उत्तर देऊ पाहणाऱ्या कोणाही दुकानदाराने आधी ही विभागणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आवाज चढतो तो बहुधा तिसऱ्या भागाला उत्तर देताना.

आता पुराव्याविषयी. शिशाची भेसळ होते हे खरे आहे. कथील शिशापेक्षा कित्येक पट महाग असते, आणि दोन्ही धातू वितळल्यावर सारखेच चकाकतात. व्हिडिओत आम्ही ही गोष्ट आरंभीच मान्य केली, कारण पाहणाऱ्याला जे ठाऊक आहे ते नाकारले तर पुढचे कोणी ऐकत नाही. चाचांच्या मुलाचे म्हणणे होते की कथलाची कांडी कानाजवळ वाकवून दाखवावी, ती कर्रकर्र वाजते आणि शिसे वाजत नाही. जुन्या कारागिरांची ही परीक्षा आहे, परंतु थोडे शिसे मिसळलेले कथीलही आवाज करते, म्हणून ती पुरावा म्हणून ठेवली नाही. झवेरी बाजारातल्या क्ष-किरण यंत्राचाही विचार झाला. ते यंत्र सोन्याचा कस पाहण्यासाठी बसवलेले असते, आणि कल्हईचा थर इतका पातळ असतो की किरण खालच्या तांब्यापर्यंत पोहोचतात व आकडा दोन्ही धातूंचा मिसळून येतो. म्हणून तपासायची ती कथलाची लगड, भांडे नव्हे, असे ठरवले.

आम्ही निवडलेली परीक्षा साधी होती. शुद्ध कथील 232 अंश सेल्सिअसला गोठते, आणि गोठत असताना सगळा धातू घट्ट होईपर्यंत तापमान तिथेच थांबून राहते. शिसे मिसळले की गोठणे खालच्या तापमानावर सुरू होते. सुमारे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असलेली डाखाची तार लोहार चाळीत सहज मिळते. ती 183 अंशांच्या आसपास येईपर्यंत पूर्ण घट्ट होत नाही. आम्ही दोन लोखंडी पळ्या घेतल्या, एकीत लगडीचा तुकडा आणि दुसरीत डाखाची तार वितळवली, दोन्हींत तापमापकाच्या तारा बुडवल्या आणि पळ्या आचेवरून उतरवल्या. पहिल्या पळीचा आकडा 232 वर येऊन थबकला आणि धातू काठापासून घट्ट होऊ लागला, तर दुसरीतला आकडा 232 ओलांडून खाली घसरत राहिला आणि धातू पाण्यासारखा पातळच राहिला. हे दोन्ही एकाच चौकटीत दिसत होते, शेजारी घड्याळ होते आणि चित्रीकरण कुठेही तोडले नव्हते. (डाखाची पळी वेगळी ठेवावी आणि हे काम उघड्या जागीच करावे. स्वयंपाकघरात कोणी करू नये.)

इथे एक बारीक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. गोठण्यापूर्वी कथलाचे तापमान कधी कधी क्षणभर 232 च्या खाली उतरते आणि मग पुन्हा वर येते. ते आधी सांगितले नाही तर पाहणाऱ्याला हातचलाखीचा संशय येतो. आम्ही ते परीक्षेपूर्वीच बोललो आणि गोठण्याच्या सुमाराला कथलाचा एक घट्ट कण पळीत टाकला, म्हणजे आकडा फार खाली जात नाही.

परीक्षेची मर्यादाही त्याच व्हिडिओत सांगितली. शिसे एक टक्का असेल तर गोठणबिंदू साधारण दीड-दोन अंशांनीच खाली येतो, आणि असल्या तापमापकाची चूक दोन-अडीच अंशांची असते. म्हणजे भरपूर भेसळ या परीक्षेत उघडी पडते, परंतु किरकोळ भेसळ पडत नाही. त्यासाठी त्याच लगडीचा दुसरा तुकडा आम्ही एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला होता. तुकडा तोडताना लगडीवर ठोकलेला खुणेचा आकडा आणि अहवालावरचा नमुना क्रमांक, दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरले. अहवालात शिशाचा आकडा एक दशांश टक्क्याच्याही खाली होता. मर्यादा आपण होऊन सांगितल्यामुळे पुढे कोणालाही ती आरोप म्हणून मांडता आली नाही.

व्हिडिओचा अर्ध्याहून अधिक वेळ मात्र त्या मजकुरातल्या दुसऱ्या वाक्याला दिला. काकूंचा टोप उलटा-सुलटा करून दाखवला. त्याची कल्हई सर्वत्र सारखी करडी झाली होती आणि ती तशी होणारच, कारण वापराने कथलाची चमक जाते व त्यामुळे भांडे खराब होत नाही. दुसरा टोप तारेच्या घासणीने घासलेला होता, त्यात पितळेच्या पिवळ्या रेघा उघड्या पडल्या होत्या. तशा भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून त्याला पुन्हा कल्हई हवी. तिसऱ्या टोपात कथलाचे मणी गोळा झाले होते, म्हणजे तो रिकामा आचेवर राहिला होता किंवा त्यात तेल फार तापवून फोडणी केली होती. ही तीन चिन्हे पाहून कोणतीही गृहिणी आपल्या भांड्याचे काय झाले ते स्वतः ओळखू शकते. आमच्या कल्हईवर आरोप करणाऱ्या व्यक्तीच्या आईच्या टोपाचे काय झाले, हे मात्र तो न पाहता आम्ही ठरवले नाही. “टोप पाठवा, पाहून सांगतो, आमचे काम निकृष्ट निघाले तर फुकट कल्हई करून देऊ,” एवढेच म्हटले.

सांगण्याच्या रीतीविषयी काही नियम आम्ही त्या वेळी घालून घेतले, ते आजही पाळतो. व्हिडिओच्या पहिल्या वाक्यात आरोप उच्चारायचा नाही. “आमच्या कल्हईत शिसे नाही” असे म्हटले की ज्याने आरोप ऐकलाही नव्हता त्याच्या मनात शिसे राहते. म्हणून आम्ही “शुद्ध कथील 232 अंशांवर थांबते, ते पाहा,” असे म्हणून पळी दाखवली. आरोप करणाऱ्याचे नाव दाखवायचे नाही. इन्स्टाग्रामवर एखाद्या मजकुराला व्हिडिओने उत्तर दिले की तो मजकूर नावासकट चौकटीत येतो, आणि मग आपले चाहते त्या माणसावर तुटून पडतात. आम्ही ती चौकट काढून प्रश्न आपल्या शब्दांत लिहिला आणि त्यांच्या मजकुराखाली नम्रपणे कळवले की उत्तर अमुक व्हिडिओत आहे. शब्द मराठीत पडद्यावर लिहिले, कारण लोकलमध्ये पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. बोलणारा माणूस हाताने काम करीत बोलला पाहिजे. सांडशी धरलेल्या माणसाचा आवाज आपोआप कामाच्या गतीने चालतो, खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्याचा तसा चालत नाही. तयार झालेला व्हिडिओ रात्रभर तसाच ठेवून सकाळी पाहिला, आणि “बदनामी”, “काही लोक”, “अफवा” हे शब्द ज्या वाक्यांत होते ती वाक्ये तेव्हा काढून टाकली.

त्या हंगामात गेलेल्या सगळ्याच मागण्या परत आल्या नाहीत. टोप मात्र आला, लालबागहून, त्या व्यक्तीच्या आईनेच पाठवला होता. तळाशी कथलाचे मणी होते आणि एका बाजूला चाचांच्या मुलाच्या हातून राहिलेली पातळ जागाही होती. दोन्ही गोष्टी त्यांना फोनवर सांगितल्या आणि कल्हई फुकट करून दिली. त्या मजकुराला आम्ही पुढे उत्तर दिले नाही, आणि लिहिणाऱ्याने तो काढावा अशी विनंतीही केली नाही. आता कथलाची नवी खेप आली की तिच्यातल्या लगडीचा तुकडा प्रयोगशाळेत जातो, नवा अहवाल जुन्या व्हिडिओखाली जोडला जातो, आणि कोणी पुन्हा तोच प्रश्न विचारला तर त्याला त्या खेपेचा नमुना क्रमांक सांगितला जातो.